एडिटरला ब्रीफ लिहिताना: गुऱ्हाळाच्या दीड मिनिटाच्या फिल्मचं उदाहरण

प्रश्न: आमचं पन्हाळ्याच्या रस्त्याला गुऱ्हाळ आहे. गूळ आणि काकवी ऑनलाइन विकतो. त्यासाठी दीड मिनिटाची फिल्म आणि एक रील करायचंय, शूटिंग झालंय. गेल्या वर्षी एडिटरला नुसतं "छान करा" म्हणून दिलं आणि सात वेळा बदल झाले. शेवटी तोही वैतागला, आम्हीही. या वेळी आधीच लिहून द्यायचं ठरवलंय. रेफरन्स, लांबी, म्युझिक आणि किती वेळा बदल, हे नेमकं कसं लिहायचं?

उत्तर:

ताई, रेफरन्स म्हणून जो व्हिडिओ पाठवणार असाल तो आधी आवाज बंद करून बघा. पूर्ण, शेवटपर्यंत. तरीही आवडला, तर तो एडिटिंगचा रेफरन्स आहे. आवाज बंद केल्यावर "यात काय एवढं?" वाटलं, तर तुम्हाला आवडलंय ते म्युझिक. ते म्युझिकच्या रकान्यात लिहायचं, रेफरन्सच्या नाही.

हे मी ठेच लागून शिकलोय. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत एक मसाले करणारे गृहस्थ आले होते. मोबाईलवर कॉफीची एक जाहिरात दाखवली आणि म्हणाले, "डिट्टो असंच पायजे." मी तशी कापली: लांब शॉट, सावकाश, मधे काळोख. त्यांना पटेना. "मजा येईना, काहीतरी कमी आहे." चार वेळा बदल झाले. पाचव्यांदा मी ती कॉफीची जाहिरात त्यांच्यासमोर म्यूट करून लावली. अर्ध्या मिनिटात तेच म्हणाले, "हे तर लईच संथ आहे की!" त्यांना आवडला होता तो त्यातला सेलो. कट त्यांनी बघितलेच नव्हते. चूक त्यांची जेवढी, तेवढीच माझी. विचारायचं काम माझं होतं.

तर रेफरन्स दोन द्या, फार तर तीन. दहा लिंका पाठवल्या की एडिटर त्यांची सरासरी काढतो आणि ती कुणालाच आवडत नाही. प्रत्येक रेफरन्सपुढे कुठून कुठपर्यंत बघायचं आणि त्यातलं काय घ्यायचं, एवढं लिहा. "लिंक १, ०:१२ ते ०:२५. हातांचे जवळचे शॉट एकामागून एक येतात, तोंड दिसत नाही, कोण बोलतंय ते नंतर कळतं. आपली सुरुवात अशी हवी. यातले रंग मात्र नकोत, फार निळे आहेत." अशी एक ओळ मला अर्ध्या तासाच्या फोनपेक्षा जास्त सांगते. शिवाय एक नको असलेला रेफरन्स जरूर द्या. काय आवडतं ते लोकांना सांगता येत नाही, पण काय आवडत नाही ते पटकन सांगता येतं. "गेल्या वर्षीच्या आमच्याच व्हिडिओत अक्षरं फिरत फिरत यायची, ते नको" हेही चालेल. उलट तेच उत्तम, कारण ते तुमच्या घरात सगळ्यांनी बघितलेलं आहे.

रेफरन्समधला दुसरा खड्डा म्हणजे तुमच्या फुटेजमध्ये नसलेली गोष्ट मागणं. गुऱ्हाळाच्या फिल्मला हमखास मागतात तो शॉट काहिलीतून गार करायच्या वाफ्यात ओतल्या जाणाऱ्या पाकाचा, अगदी संथ, मधासारखा. रेफरन्समधला तसा शॉट बहुतेक वेळा सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेमनी घेतलेला असतो. सेकंदाला १०० फ्रेम घेतल्या आणि २५ च्या वेगाने दाखवल्या की शॉट चौपट संथ होतो आणि तरी लोण्यासारखा जातो. तुमचा शॉट मुळातच २५ ने घेतला असेल, तर संथ करायला फ्रेमच नाहीत. एडिटर एकेक फ्रेम दोन-चारदा दाखवेल आणि पाक धक्के खात पडेल. सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवू शकतं, पण वाफ, फेस आणि पातळ धार यांत ते हमखास गडबडतं. धारेच्या कडा वितळल्यासारख्या दिसू लागतात. म्हणून ज्यांनी शूट केलं त्यांना विचारून ब्रीफमध्ये लिहा: सगळं कितीने घेतलंय, संथ करण्यासाठी मुद्दाम घेतलेले शॉट कोणते. फाइलचं नाव द्या, `C0047.MP4` असं. आणि वाफेने लेन्सवर धुकं आलेले शॉट कोणते तेही. चुलवाणापाशी शूटिंग केलं की थोडे तरी शॉट तसे जातातच, आणि एडिटरला ते 'मुद्दाम केलेलं सॉफ्ट' वाटू शकतं.

आता लांबी. "दीड मिनिटाची" एवढं लिहून भागत नाही, कारण लांबी ठरते ती बोलण्यावरून. मराठीत शांतपणे, ऐकणाऱ्याला पटेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे सेकंदाला दोन. दीड मिनिटात सलग बोललं तर १८० शब्द. पण सलग बोलायचं नाहीये. सुरुवातीचे आठ सेकंद नुसतं चित्र आणि आवाज, शेवटचे सहा सेकंद पाकीट आणि फोन नंबर. उरले ७६. त्यातही दोन-तीन ठिकाणी बोलणं थांबून काहील, मळी, गुळव्या दिसायला हवेत. त्याला १६ सेकंद धरा. उरले ६०, म्हणजे १२० शब्द. एवढंच तुमचं निवेदन.

लोक माझ्याकडे २४० शब्दांचं निवेदन आणि "दीड मिनिट" एकत्र घेऊन येतात. ते दीड मिनिटात बसवायचं तर बोलणारा बातम्या वाचल्यासारखा धावतो आणि प्रत्येक शॉटवर शब्द बसतो. गूळ बघायला वेळच मिळत नाही. मग "जरा घाई वाटते" असा शेरा येतो, आणि एडिटर शॉट बदलत बसतो. दुखणं एकीकडे, औषध दुसरीकडे. म्हणून ब्रीफ पाठवण्याआधी निवेदन मोठ्याने वाचा, मोबाईलवर वेळ लावा. साठ सेकंदांच्या वर गेलं तर तुम्हीच कापा. काय कापायचं हा निर्णय एडिटरवर टाकू नका. आजोबांनी गुऱ्हाळ सुरू केलं ते वाक्य महत्त्वाचं की भेंडीच्या पाण्याने मळी वर येते ते, हे तुमच्या घरात ठरायला हवं.

मामंजींची बाइट असेल, म्हणजे ते कॅमेऱ्यासमोर बोललेले असतील, तर लिहिलेल्या निवेदनापेक्षा मी तिच्याकडे झुकेन. पण घरचा माणूस बारा मिनिटं बोलतो आणि त्यातलं वीस सेकंदच लागतं. ते वीस सेकंद कोणते ते तुम्ही सांगा. "फाइल C0112, ४:०५ ला ते म्हणतात की गुळव्याच्या बोटांना कळतं, थर्मामीटरला नाही. हे वाक्य हवंच." हवंच अशी वाक्यं तीन, हवेच असे शॉट पाच. त्यापुढे एडिटरला मोकळं सोडा. सगळंच 'हवंच' असेल तर निवडायला उरतं काय?

लांबीत थोडी सवलतही लिहा: "८० ते ९५ सेकंद चालेल." नेमके ९० मागितले की एडिटर शेवटी भराव घालतो किंवा चांगला शॉट मधेच तोडतो.

रीलबद्दल थोडक्यात सांगतो. आडव्या फिल्ममधून तीस सेकंद कापून उभं केलं की रील झालं, असं नाही. आडव्या चौकटीत डावीकडे गुळव्या आणि उजवीकडे काहील असेल, तर उभ्या चौकटीत दोन्ही अर्धे येतात. रील हे वेगळं एडिट आहे, वेगळं लिहा, वेगळ्या पैशाचं धरा. एकच गोष्ट ठेवा, आमच्या मते वाफ्यात घोटणं, कारण ते उभ्या चौकटीत सुंदर बसतं. अक्षरं खालच्या पाचव्या हिश्श्यात नकोत, तिथं ॲपचंच लिखाण येतं.

म्युझिक. इथं सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण शब्द एकच आणि ऐकू येतं वेगवेगळं. "कोल्हापुरी म्युझिक टाका" म्हटल्यावर एकाला हलगी-घुमकं ऐकू येतं, दुसऱ्याला तुतारी, तिसऱ्याला लावणीची ढोलकी. मला एकदा तिघांनी मिळून हे वाक्य सांगितलं होतं आणि तिघेही एकमेकांकडे बघून मान डोलवत होते. हलगी टाकल्यावर तिघांपैकी दोघे नाराज! हलगी तर कुस्तीच्या फडाची. पहाटे चुलवाण पेटवणाऱ्या माणसाच्या चित्रावर ती वाजली की तो माणूस गूळ करत नाही, शड्डू ठोकतोय असं वाटतं.

म्हणून वर्णन वाद्य, वेग आणि जागा यांत करा. "बासरी किंवा सारंगी चालेल, एकच वाद्य पुढे, मागे हलका ताल. चालताना पाऊल पडतं तेवढा वेग, त्याहून जलद नको. पहिले आठ सेकंद म्युझिक नकोच, चिपाडं पेटल्याचा आणि रस उकळल्याचा आवाज हवा. शेवटी पाकीट आल्यावर म्युझिक एकदम वाढायला नको." एवढं वाचून कुठलाही एडिटर बरोबर दिशेला जातो. आवडलेली दोन गाणी सांगितली तरी चालेल, पण त्यातलं काय आवडलं ते सांगा: आवाज, ठेका की मोकळी जागा.

उकळण्याचा आवाज मी मुद्दाम म्हटलं. तो तुमच्याकडे वेगळा रेकॉर्ड केलेला आहे का, बघा. कॅमेऱ्यावर आलेल्या आवाजात बहुतेक वेळा घाण्याची मोटर आणि कुणीतरी "पाणी आण रे" म्हणतंय असंच असतं. नसेल तर अजूनही जाऊन पाच मिनिटं मोबाईलवर घ्या, मोटर बंद असताना, काहिलीपासून हातभर लांब, मोबाईलवर फुंकर न येईल असा. गळीत चालू आहे तोवरच हे जमेल. हंगाम संपल्यावर एडिटर लायब्ररीतला कुठल्या तरी सूपचा आवाज लावेल, आणि गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला तो लगेच खटकतो.

आता हक्काचा भाग, तो टाळू नका. सिनेमातलं गाणं लावायचं नाही. गाण्याचा हक्क वेगळा आणि त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, दोन्ही लागतात. यूट्यूबवर ते आपोआप ओळखलं जातं, आणि मग जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. इन्स्टाग्रामवर गाणी दिसतात म्हणून वापरावी असं वाटतं, पण ती सोय खासगी, बिनधंद्याच्या वापरासाठी आहे. धंद्याच्या खात्याला म्हणूनच कमी गाणी दिसतात. तुमचं खातं गूळ विकतं. तेव्हा लिहा: "म्युझिक परवाना घेतलेलं हवं. परवाना आमच्या नावाने, किंवा आमच्या चॅनेलवर आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतही चालेल असा. परवान्याची प्रत फायनल फाइलसोबत द्यावी." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. काही साइटचा परवाना एडिटरच्या खात्याला बांधलेला असतो, आणि साधं अपलोड व पैसे लावून केलेली जाहिरात यांचे परवाने वेगळे असू शकतात. दोन वर्षांनी हक्काचा दावा आला तर एडिटर शोधत फिरावं लागू नये. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत म्युझिकही आहे. त्यातल्या काही तुकड्यांना श्रेय लिहावं लागतं, ते तेवढं तपासायचं.

म्युझिकचे तीन तुकडे एडिटरने आधी ऐकवावेत, एडिट सुरू करण्याआधी, आणि त्यातला एक तुम्ही दोन दिवसांत नक्की करावा, असंही लिहा. का, ते बदलांच्या हिशोबात कळेल.

बदल. "दोन वेळा बदल" असं लिहिलं आणि 'वेळा' म्हणजे काय ते लिहिलं नाही, तर गेल्या वर्षीचंच पुन्हा होणार. सकाळी तुमचा मेसेज, दुपारी मिस्टरांचा, रात्री दिरांचा व्हॉइस मेसेज. हे एक झालं की तीन? एक फेरी म्हणजे एका माणसाने पाठवलेली एक लेखी यादी, प्रत्येक मुद्द्यापुढे वेळ. एवढी व्याख्या दोघांनी मान्य केली की अर्धी कटकट जाते. यादी कुणाकडून येणार त्याचं नाव ब्रीफमध्ये लिहा. घरच्या ग्रुपवर लिंक जरूर टाका, पण ग्रुपमध्ये एडिटरला घेऊ नका. मी स्वतः अशा ग्रुपमधून हात जोडून बाहेर पडतो. सासरे म्हणतात संथ करा, भाचा म्हणतो फास्ट करा, आणि दोघांचे मेसेज एका मिनिटाच्या अंतराने येतात. ते भांडण तुमच्या घरात मिटवून मग यादी करा.

दोन फेऱ्या पुरतात, पण त्यांचा क्रम हवा. पहिली फेरी रफ कटवर: काय आहे, काय नाही, क्रम, लांबी, कुणाची कोणती बाइट. तेव्हा रंग आणि अक्षरं कच्ची असतात, त्यावर बोलू नका. ही फेरी संपली की चित्र लॉक. म्हणजे यानंतर शॉट पुढेमागे होत नाहीत. दुसरी फेरी म्युझिकची पातळी, रंग, अक्षरं, शब्दलेखन यांची.

लॉकनंतर शॉट काढायला एडिटर कुरकुर का करतो, ते एका उदाहरणात सांगतो. समजा तुमच्या म्युझिकचा वेग मिनिटाला १०० ठोके आहे. ठोका दर ०.६ सेकंदाला, २५ च्या टाइमलाइनवर दर १५ फ्रेमला. चार ठोक्यांचा एक फेर म्हणजे ६० फ्रेम. मी सगळे मोठे कट ठोक्यावर बसवले. आता तुम्ही म्हणालात, ०:३१ चा चार सेकंदांचा शॉट काढा, बैल दिसतोय पण तो शेजाऱ्याचा आहे. (हे खरंच घडलंय.) चार सेकंद म्हणजे १०० फ्रेम. शंभराला पंधराने भाग जात नाही. त्यामुळे पुढचं चित्र सगळं चार सेकंद अलीकडे सरकतं आणि प्रत्येक कट ठोका पडून गेल्यावर पाच फ्रेमनी येतो. पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण ठेच लागल्यासारखं होतं. वर म्युझिकचा शेवट पाकिटानंतर चार सेकंदांनी येतो, खालच्या अक्षरांच्या वेळा सगळ्या चुकतात. मला मग चारऐवजी ४.८ सेकंद, म्हणजे दोन पूर्ण फेर, काढावे लागतात आणि उरलेले २० फ्रेम शेजारच्या शॉटमधून ओरबाडावे लागतात. तुमच्यासाठी एक वाक्य, माझी अर्धी दुपार. लॉकच्या आधी हाच बदल पाच मिनिटांचा होता. आणि लॉकनंतर म्युझिकचा तुकडाच बदलला तर वेगही बदलतो, म्हणजे हे सगळं प्रत्येक कटला. म्हणून म्युझिक आधी नक्की करायचं.

बैलाच्या जागी तेवढ्याच लांबीचा दुसरा शॉट ठेवायला सांगितला असता तर यातलं काहीच झालं नसतं. लॉकनंतर बदल लागलाच तर "काढा" न म्हणता "बदला" म्हणा.

काय फेरीत मोजायचं आणि काय नाही, हेही एका ओळीत लिहा. एडिटरची चूक, म्हणजे चुकलेलं शब्दलेखन, सांगूनही राहून गेलेला मुद्दा, मधेच आलेली काळी फ्रेम, ही फेरी नव्हे. ती त्याने विनातक्रार दुरुस्त करावी. तुम्ही दिलेला नंबरच चुकला असेल तर ती तुमची. मी तिसऱ्या फेरीला मूळ रकमेच्या १५ टक्के घेतो. तुमचा एडिटर वेगळं घेईल, पण आकडा आधी लिहिलेला असू द्या. वेळेची हद्दही हवी: पाहण्याची लिंक मिळाल्यापासून पाच दिवसांत यादी. गणपती मधे आले तर सांगून वाढवा. नाहीतर दोन महिन्यांनी यादी येते, आणि एडिटर त्या फुटेजचं सगळं विसरलेला असतो.

यादी कशी लिहायची यावर एवढंच, की उपाय न सांगता दुखणं सांगा. "०:४२ ते ०:५० मळी काढण्याचे तीन शॉट एकसारखे वाटतात" असं लिहा. "०:४४ चा शॉट काढून ०:२० चा टाका" असं लिहिलंत तर एडिटर तेच करेल, आणि दुखणं बहुतेक तिथंच राहील. "पंच नाही", "मजा येईना" हे घरात बोला, यादीत आणू नका. ते वाटलं की स्वतःला विचारा, कुठल्या सेकंदाला कंटाळून मी मोबाईलवरची दुसरी सूचना बघितली? तो सेकंद लिहा.

अक्षरांबद्दल एक बारीक गोष्ट. पडद्यावर येणारा सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या. पाकिटाच्या डिझाइनवाल्याकडचा श्रीलिपीतला मजकूर सरळ चिकटवला की चिन्हांचा चिखल येतो, आणि फोटोवरून टाइप करताना एडिटर ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मनाने करतो. तयार व्हिडिओत 'काकवी'ची वेलांटी आणि 'गुऱ्हाळ'मधला अर्धा र मुद्दाम बघा, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथंच अक्षर फुटतं. आणि कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून त्याचा शिक्का पडद्यावर हवा असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी आहे का ते आधी बघा. एडिटर ते तपासणार नाही, त्याचं कामही नाही.

आता तुमच्यासाठी ब्रीफ लिहून दाखवतो. व्हॉट्सॲपवर एका मेसेजात मावेल एवढाच आहे, नावं-आकडे तुमचे घाला.

"बघणारा: पुण्या-मुंबईतला, घरी गूळ वापरणारा, आमचं नाव न ऐकलेला. बघून झाल्यावर त्याने मेसेज करून गुळाचा एक किलोचा रवा मागवावा. एक आडवी फिल्म, ८० ते ९५ सेकंद. एक उभं रील, २५ ते ३० सेकंद, फक्त वाफ्यात घोटणं. फुटेज ३ तास ४० मिनिटं, हार्ड डिस्कवर, चार शॉट सोडून सगळं २५ ने. संथ करण्यासाठी १०० ने घेतलेले चार शॉट 'स्लो' फोल्डरमध्ये. हवेच असे पाच शॉट आणि मामंजींची तीन वाक्यं सोबतच्या यादीत, फाइल आणि वेळेसह. निवेदन आणि मामंजींची वाक्यं मिळून ११८ शब्द, निवेदन आम्ही रेकॉर्ड करून देतो. रेफरन्स दोन: पहिल्यातली फक्त सुरुवात, ०:१२ ते ०:२५, हातांचे शॉट, दुसऱ्यातला शेवट, पाकीट कसं साधेपणाने येतं ते. नको: फिरती अक्षरं, निळे रंग, ड्रोनचा भास, हलगी. म्युझिक: बासरी किंवा सारंगी, चालण्याचा वेग, पहिले आठ सेकंद फक्त चुलवाणाचा आवाज. तीन तुकडे आधी ऐकवा, दोन दिवसांत एक नक्की करू. जाहिरातीला चालेल असा परवाना, प्रत आम्हाला. बदल: दोन फेऱ्या. पहिली रफ कटवर, मग चित्र लॉक, दुसरी रंग-आवाज-अक्षरांवर. यादी फक्त मी पाठवीन, पाच दिवसांत, लेखी. तुमची चूक फेरीत मोजायची नाही. तिसरी फेरी किंवा लॉकनंतर शॉट काढणं याचे वेगळे पैसे, किती ते तुम्ही आत्ताच सांगा. बाकी सगळं तुमच्या मनाने."

शेवटचं वाक्य खोडू नका. त्याच्यामुळे एडिटर तुमच्यासाठी जास्तीचे दोन तास बसतो.

हे पाठवल्यावर पूर्ण रफ कटची वाट बघू नका. पहिले वीस सेकंद आधी मागा, कच्चे चालतील. सुरुवातीचे हात, चुलवाणाचा आवाज आणि मामंजींचं पहिलं वाक्य एवढं त्यात आलेलं असेल. ते मोबाईलवर, इअरफोन न लावता, एकदा आवाजासह आणि एकदा म्यूट करून बघा. लिंक ड्राइव्हची मागा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि वाफेचे चौकोन चौकोन दिसतात. तेवढ्यावरून तुम्ही "रंग खराब आहेत" म्हणाल, आणि रंग बिचारे ठीक असतील.